दिवसाला 73 एमबी आणि फिटरची नोकरी

प्रश्न: "सर, 2023 ला आयटीआय फिटर पास झालो. फोन 2 जीबी रॅमचा, 16 जीबी मेमरीचा, जुना आहे. रिचार्ज 28 दिवसांचा, त्यात सगळा मिळून 2 जीबी डेटा, त्यापेक्षा मोठा परवडत नाही. चार जॉब ॲप टाकली, फोन हँग होतो आणि नेट आठ-नऊ दिवसांत संपतं. पन्नास ठिकाणी अप्लाय केलं, एक फोन आला नाही. चाकण नाहीतर वाळूजला काम पाहिजे. या फोनवर काही होईल का?"

होईल. पण आधी एक काम करा. फोनच्या सेटिंगमध्ये `Network & internet` मध्ये जाऊन डेटा कुठल्या ॲपने किती खाल्ला ती यादी उघडा. काही फोनमध्ये तिथे आधी सिमच्या नावावर टिचकी मारावी लागते. मागच्या वर्षी गेवराई तालुक्यातला एक मुलगा माझ्यासमोर बसला होता, त्याचा पॅक तुमच्यासारखाच होता आणि नऊ दिवसांत संपत आला होता. यादीत होतं: व्हिडिओचं ॲप 610 एमबी, व्हॉट्सॲप 420, प्ले स्टोअर 340, जॉब ॲप 290, बाकीचं सगळं मिळून 150. बेरीज 1810. त्याला वाटत होतं, नोकरी शोधण्यात नेट गेलं. प्रत्यक्षात नोकरीच्या नावावर 290 एमबी गेले होते, आणि तेही ॲप उघडल्यावर आपोआप फिरणाऱ्या चित्रांवर आणि छोट्या व्हिडिओंवर. अर्ज पाठवण्यावर म्हणाल तर पाच एमबीसुद्धा गेले नसतील.

माझी ओळख थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं कुठून बोलतोय ते कळेल. चार वर्षं वाळूज एमआयडीसीत एका लेबर कॉन्ट्रॅक्टरकडे भरतीचं काम केलं. गेली अकरा वर्षं आयटीआयच्या मुलांना कामाला लावून देतो. म्हणजे अर्ज वाचणारा आणि अर्ज पाठवणारा, दोन्ही खुर्च्यांवर बसलोय. शॉप फ्लोअरवरच्या नोकरीत, म्हणजे फिटर, वेल्डर, सीएनसी ऑपरेटर, हेल्पर यांत, मुलगा निवडला जातो तो फोनवरच्या दोन मिनिटांच्या बोलण्यात आणि नंतर गेटवर. त्याआधी इंटरनेटला दोनच कामं असतात: जागा निघाली हे तुमच्यापर्यंत पोचवणं, आणि तुमचा एक पानी बायोडाटा त्यांच्यापर्यंत पोचवणं. या दोन्हींना फार थोडा डेटा लागतो. ॲपवर पन्नास ठिकाणी बटण दाबणं हे तिसरंच काम आहे. पन्नास वेळा दाबून फोन आला नाही, यात तुमच्या फोनचा दोष थोडाच आहे.

तुम्ही जिल्हा लिहिला नाही, आणि आयटीआयनंतर कुठे काम केलं का तेही नाही, त्यामुळे काही गोष्टी अंदाजाने सांगतो. बीपीओ, बँक, ऑफिसची नोकरी शोधणाऱ्याला पुढचं सगळं लागू होणार नाही. तिथे ऑनलाइन टेस्ट असते, व्हिडिओ मुलाखत असते, आणि त्याला 2 जीबी खरंच कमी पडतात. फिटरला पडत नाहीत.

2 जीबी म्हणजे 2048 एमबी. 28 दिवसांना वाटले तर दिवसाला 73. या 73 मध्ये बसायचं आहे, तर गळती बंद करायला एकदा अर्धा तास द्या.

प्ले स्टोअरमध्ये उजव्या कोपऱ्यातल्या तुमच्या फोटोवर दाबा, `Settings`, मग `Network preferences`, मग `Auto-update apps`, आणि तिथे `Over Wi-Fi only` निवडा. एखाद्या ॲपचं अपडेट 40-50 एमबीचं असतं. अशी सहा-सात अपडेटं गुपचूप उतरली की तुमचे चार दिवस गेले. मग व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये `Storage and data` मध्ये जा, `When using mobile data` उघडा आणि फोटो, ऑडिओ, व्हिडिओ, डॉक्युमेंट या चारही खुणा काढा. नोकरीच्या ग्रुपांवर रोज पन्नास-साठ पोस्टर पडतात, त्यातली निम्मी शिळी आणि उरलेली दुसऱ्या ट्रेडची. खुणा काढल्या की पोस्टर पुसट दिसतं, खाली लिहिलेला मजकूर तेवढा वाचता येतो. मजकुरात "फिटर" किंवा तुमचं गाव-एमआयडीसी दिसली तरच पोस्टरवर दाबायचं. ज्याने पोस्टरखाली एक ओळ लिहायचेही कष्ट घेतलेले नाहीत, त्याचं पोस्टर बहुतेक दहा ग्रुप फिरून आलेलं असतं. ते सोडून दिलंत तरी फारसं काही बुडत नाही.

तिसरं `Data Saver`. हे अँड्रॉइडमध्येच असतं, त्याच `Network & internet` खाली. ते चालू केलं की मागे बसलेली ॲप डेटा ओढू शकत नाहीत. पण त्यातच `Unrestricted data` नावाची यादी असते, तिच्यात व्हॉट्सॲप आणि जीमेल या दोघांना सूट द्या. ही पायरी पुष्कळ जण विसरतात, आणि मग "मेसेज उशिरा दिसला, तोवर जागा भरली" अशी तक्रार घेऊन येतात. चौथं, डेटाच्या पानावर `Data warning & limit` असतं. सायकलची तारीख म्हणून रिचार्जची तारीख टाका आणि इशारा 1 जीबीवर ठेवा. चौदाव्या दिवसाच्या आत इशारा आला तर कुठेतरी अजून गळतंय असं समजा आणि पुन्हा ती यादी उघडा.

पूर्वी क्रोममध्ये लाइट मोड होता, तो गूगलने 2022 मध्ये काढून टाकला. त्यामुळे जुन्या व्हिडिओंत सांगतात ते सेटिंग शोधत बसू नका. जाहिरात नुसती वाचायची असेल तर ऑपेरा मिनी बरा. तो पान आधी त्यांच्या सर्व्हरवर आवळतो आणि मग तुमच्या फोनवर पाठवतो. पण त्याच कारणाने त्याच्यावर पासवर्ड, ओटीपी किंवा बँकेचं काही टाकू नका. शिवाय फॉर्मची बटणंही त्यात कधीकधी चालत नाहीत. दाबतोय दाबतोय आणि काहीच होत नाही, असं झालं तर तो फॉर्म क्रोममध्ये उघडा.

चार जॉब ॲपपैकी तीन काढून टाका. चौथंही काढलंत तरी माझी हरकत नाही. 2 जीबी रॅममध्ये अँड्रॉइड स्वतःच बरीचशी जागा अडवतो. उरलेल्यात व्हॉट्सॲप आणि एक ब्राउझर एवढंच नीट चालतं. आणि मेमरीकडे लक्ष ठेवा. 16 जीबी फोनमध्ये जागा संपली की व्हॉट्सॲपवर आलेली फाइल उतरत नाही. आमच्या एका मुलाला कंपनीने जॉइनिंगचा फॉर्म पाठवला होता, तो दोन दिवस "नेट स्लो आहे" म्हणत बसला. नेट ठीक होतं, फोनमध्ये 90 एमबी जागा उरली होती. निदान 1 जीबी मोकळी ठेवा. त्यासाठी व्हॉट्सॲपमधलं `Manage storage` उघडलं की सगळ्यात जड व्हिडिओ वरच दिसतात.

आता जागा कशा कळणार? पान उघडून शोधत बसण्याऐवजी जागाच तुमच्याकडे मजकुरात येऊ द्या, म्हणजे ईमेल अलर्ट लावा. नोकरीच्या बहुतेक वेबसाइटवर शोध घेतला की त्या शोधाचा अलर्ट मेलवर मागता येतो. "Fitter, Chakan" असा एक आणि "Fitter, Aurangabad" असा एक, एवढे दोन लावा. शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं असलं तरी जाहिरात टाकणारे अजून जुनंच नाव लिहितात, त्यामुळे दोन्ही नावांनी शोधून बघा आणि जिथे जास्त जागा दिसतील त्याचा अलर्ट ठेवा. नुसतं "Maharashtra" टाकलंत तर मुंबईच्या सेल्सच्या जागांचा पूर येईल. मग जीमेलच्या सेटिंगमध्ये तुमच्या खात्यावर जाऊन `Images` खाली `Ask before displaying external images` निवडा. आता अलर्टचा मेल आला तरी कंपन्यांचे लोगो उतरत नाहीत, मजकूर तेवढा येतो. सकाळी जीमेलच्या शोधपट्टीत एवढंच टाका:

```
fitter newer_than:2d
```

दोन दिवसांतले फिटरचे मेल समोर. त्यातली जी जागा खरंच तुमची वाटेल तिचीच लिंक उघडायची. जाहिरात किती दिवसांची आहे ते आधी बघा. आमच्याकडे कॉन्ट्रॅक्टरची जागा तीन-चार दिवसांत भरायची आणि जाहिरात मात्र महिनाभर तशीच पडून राहायची. तुमच्या पन्नास अर्जांतले कितीतरी अशा मेलेल्या जाहिरातींवर गेले असणार.

सरकारी तीन नोंदण्याही एकदा करून टाका: राज्याचं महास्वयं, `rojgar.mahaswayam.gov.in`, केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस, `ncs.gov.in`, आणि तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, अप्रेंटिसशिपचं `apprenticeshipindia.gov.in`. ही तिन्ही पानं तुमच्या फोनवर भरू नका. फॉर्म लांब असतात, फोटो आणि सही ठरलेल्या केबीत मागतात, मधेच लॉगिन उडतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं. ई-सेवा केंद्रात जा, पण सगळी माहिती घरी कागदावर लिहून न्या आणि समोर बसून भरून घ्या. मोबाइल नंबर आणि ईमेल तुमचाच टाका, केंद्रवाल्याचा नाही. आणि पासवर्ड तिथेच कागदावर लिहून घ्या. हे मुद्दाम सांगतोय. माझ्याकडे येणाऱ्या मुलांची नोंदणी झालेली असते, पण ओटीपी जातो दुकानदाराच्या नंबरवर, आणि दुकानदाराने तो नंबर कधीच बदललेला असतो.

अप्रेंटिसशिप महत्त्वाची का म्हणालो? नियमाप्रमाणे 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घ्यावेच लागतात. म्हणजे चाकण, रांजणगाव, वाळूजच्या मोठ्या कंपन्यांत फिटर अप्रेंटिसची मागणी येत राहते, आणि कंपनी थेट घेते, मधे कॉन्ट्रॅक्टर नसतो. स्टायपेंड पगारापेक्षा कमी पडतो हे खरं. घरी लगेच पैसे पाठवायचे असतील तर कॉन्ट्रॅक्टचं काम बघा. वर्षभर थोडी ओढाताण जमणार असेल तर मी अप्रेंटिसशिपच सांगेन. हा हिशोब तुमच्या घरचा आहे, तो मी इथून करू शकत नाही.

आता बायोडाटा, जिथे मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

गावात बायोडाटा कसा होतो? सायबरवाला वर्डमध्ये टाइप करतो, प्रिंट काढतो, पन्नास रुपये घेतो. मुलगा घरी येऊन त्या प्रिंटचा फोटो काढतो, कुठल्यातरी ॲपने त्याची पीडीएफ करतो, ती होते साडेतीन एमबीची. तीच सगळीकडे पाठवतो. डेटा संपल्यावर पुष्कळ पॅकवर वेग 64 केबीपीएसवर येतो, म्हणजे सेकंदाला जेमतेम 8 केबी. साडेतीन एमबीची फाइल त्या वेगाने जायला साडेसात मिनिटं लागतात, आणि मधे रेंज गेली की तुटते. टाइप केलेली मूळ पीडीएफ 80-90 केबीची असते, ती अकरा सेकंदांत जाते. म्हणजे पॅक संपल्यावरही अर्ज पाठवता येतो. फक्त तुमच्या पॅकमध्ये डेटा संपल्यावर वेग कमी होतो, की नेट बंद होतं, की पैसे कापले जातात, हे रिचार्जवाल्याला विचारून ठेवा. कंपनीगणिक ते वेगळं असतं.

म्हणून सायबरवाल्याला सांगा: प्रिंट नको, वर्डची पीडीएफ करून माझ्या मेलवर टाका. फोनवरच करायचं असेल तर गूगल डॉक्समध्ये टाइप करा, तीन ठिपक्यांत `Share & export`, मग `Save as`, आणि पीडीएफ निवडा. ही बरोबर झाली का हे ओळखायला दोन खुणा आहेत. पीडीएफ उघडून एखाद्या शब्दावर बोट दाबून धरा: शब्द निळा होऊन निवडला गेला तर ती टाइप केलेली आहे, नाही गेला तर फोटो आहे. आणि व्हॉट्सॲपवर पाठवल्यावर फाइलच्या नावाखाली पानं आणि आकार दिसतो, तिथे `kB` दिसायला हवं, `MB` नाही. बायोडाट्यात तुमचा फोटो टाकू नका. फाइल जड होते आणि फिटरच्या कामाला चेहरा कुणी बघत नाही.

फाइलचं नाव `Fitter_ITI2023_Aadnav.pdf` असं ठेवा, Aadnav च्या जागी तुमचं आडनाव. कॉन्ट्रॅक्टरच्या फोनमध्ये `Resume.pdf`, `Biodata(1).pdf`, `DOC-20240311.pdf` अशा शेकडो फायली असतात. दुपारी कंपनीचा फोन आला की दोन फिटर पाठव, तर मी शोधपट्टीत `fitter` टाकायचो. ज्याच्या फाइलच्या नावात फिटर, तो वर यायचा. बाकीचे फिटर त्याच फोनमध्ये असूनही मला दिसायचे नाहीत.

बायोडाटा तयार झाला की व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवा; आता स्वतःच्या नंबरला मेसेज करता येतो. आयटीआयच्या मार्कशीटचे, दहावीच्या मार्कशीटचे फोटोही तिथेच. उजेडात, दारात बसून, कागद सरळ धरून एकदाच नीट काढा. पुढे कुणाला पाठवायचं असेल तर तिथून फॉरवर्ड करा. फॉरवर्ड केलेली फाइल बहुतेक वेळा पुन्हा अपलोड होत नाही, म्हणजे डेटाही वाचतो आणि वेळही. दहावी-बारावीची मार्कशीटं डिजिलॉकरवरही मिळतात, मूळ कागद घरी राहिला तर तेवढाच आधार. आधार कार्ड आणि बँक पासबुक मात्र जॉइनिंग ठरल्याशिवाय कुणाला पाठवू नका.

फाइलच्या आधी मेसेज जातो, आणि खरी निवड तिथेच होते. माझ्या फोनवर रोज जे यायचे ते असे: "hi", "sir job", "काम आहे का", "interested". फोनच्या यादीत मेसेजची पहिली ओळच दिसते. "hi" उघडायला मला वेळ नसायचा. तुमचा मेसेज असा हवा:

"नमस्कार सर. फिटर, आयटीआय 2023 पास, एनसीव्हीटी. वय 21. व्हर्नियर, मायक्रोमीटर, ड्रॉइंग वाचता येतं. 6 महिने फॅब्रिकेशन शॉपमध्ये काम. तिन्ही शिफ्ट चालतील. चाकणला राहायला येईन, दोन दिवसांत जॉइन होऊ शकतो. बायोडाटा खाली आहे."

यातलं खोटं असेल ते काढा, नसेल ते घालू नका. मायक्रोमीटर लिहिलात तर गेटवर हातात देतात. बाकी रचना अशीच ठेवा: पहिल्या ओळीत ट्रेड आणि पासिंग वर्ष, शेवटी कधी येऊ शकता. लांबच्या मुलाला बोलावताना कॉन्ट्रॅक्टरला एकच धास्ती असते, हा येतो म्हणेल आणि येणार नाही. "दोन दिवसांत" या शब्दांनी ती कमी होते. हा सगळा मेसेज एक-दोन केबीचा आहे. तो फोनच्या नोट्समध्ये ठेवा आणि दर वेळी गावाचं नाव बदलून पाठवा. दिवसाला चार-पाच, तेही जाहिरात वाचून.

हे नंबर कुठून आणायचे? ग्रुपवरच्या पोस्टरवर असतात, पण खरे नंबर तुमच्या आयटीआयमध्ये आहेत. तुमच्या बॅचची जी मुलं चाकणला गेलीत त्यांना फोन करा. कॉल तर पॅकमध्ये फुकटच आहे. "तुझ्या कंपनीत फिटर कोण भरतं, त्याचा नंबर दे," एवढंच विचारा. आयटीआयमध्ये प्लेसमेंटचं काम बघणाऱ्या निदेशकांनाही फोन करा, 2023 ची बॅच असली तरी. कंपन्या त्यांच्याकडे थेट मागणी पाठवतात आणि ती कुठल्याच ॲपवर येत नाही. जिल्ह्याच्या कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राचे मेळावे असतात, त्यांचीही तारीख विचारून ठेवा.

दिवसाची वेळ कशी लावायची? सकाळी आठ-नऊला कॉन्ट्रॅक्टरला कळतं की आज किती माणसं आली नाहीत. दहा-साडेदहापर्यंत कंपनीच्या एचआरकडून नवी मागणी येते. दहा ते एक या वेळात तो फोनला चिकटलेला असतो. माझं तरी तसंच असायचं. तेव्हा तुमचा मेसेज साडेनऊच्या सुमाराला जाऊ द्या, आणि दहा ते एक डेटा चालू ठेवा. `Data Saver` चालू असल्याने तीन तासांत व्हॉट्सॲपचा मजकूर फार तर दोन-तीन एमबी खाईल. दुपारी बंद केलात तरी चालेल. संध्याकाळी सातला पुन्हा दहा मिनिटं.

याच वेळात फोन चार्ज असायला हवा आणि रेंजमध्ये असायला हवा. जुन्या फोनची बॅटरी अकरालाच वीस टक्क्यांवर येते, तर तो चार्जरला लावूनच ठेवा. मी यादीतल्या दहा मुलांना ओळीने फोन लावायचो. बंद लागला, उचलला नाही, की पुढचा. परत पहिल्यावर यायला वेळ नसायचा. अनोळखी नंबर म्हणून उचलला नाही असं मुलं नंतर सांगतात. नोकरी शोधत असेपर्यंत प्रत्येक अनोळखी नंबर उचला, आणि मिस झाला तर पाच मिनिटांत उलट लावा. शेतात किंवा विहिरीवर रेंज नसेल तर बायोडाट्यावर घरातला दुसरा नंबरही द्या, आणि त्या माणसाला सांगून ठेवा काय बोलायचं ते.

आणि एक, पैशाची ओढ आहे म्हणून सांगतो. डेटा संपला तर निभतं, पण मुदत संपू देऊ नका. मुदत संपून काही दिवस गेले की येणारे कॉलही बंद होतात. महिन्याच्या शेवटी पैसे थोडेच असतील तर जास्तीचा डेटा घेऊ नका, मुदतीसाठी ठेवा. नंबरही बदलू नका. तुमचा अर्ज दोन महिन्यांनी कुणाच्या तरी शोधात वर येतो आणि फोन जुन्या नंबरवर लागतो.

आतापर्यंतचं डोक्यात एवढं ठेवलंत तरी पुरे: गळती बंद, जागा मेलमध्ये, अर्ज मजकूर आणि 90 केबीत, आणि दहा ते एक फोन हातात. गेवराईच्या मुलाने हेच केलं. पुढच्या पॅकमध्ये 28 दिवसांत त्याचे 2048 पैकी साधारण 1200 एमबी गेले, त्यातले निम्मे अजूनही क्रिकेटचे होते, ते मी सोडून दिलं. तेवीस मेसेज पाठवले, नऊ उत्तरं आली, चार जणांनी फोन केला, दोन ठिकाणी गेटवर गेला. पहिल्या ठिकाणी नाही म्हणाले, दुसरीकडे रांजणगावला लागला. तेवीसमधल्या चौदा जणांनी उत्तरच दिलं नाही, हे लक्षात ठेवा. ते तसंच असतं.

उरलेल्या डेटाचं काय? 400 एमबी हात न लावता राखून ठेवा, व्हिडिओ मुलाखतीसाठी. फिटरला ती क्वचित होते, पण मोठ्या कंपनीच्या अप्रेंटिससाठी कधीकधी घेतात. अर्ध्या तासाला तेवढा डेटा पुरतो. लिंक आली की आधी विचारा, "सर, गावाकडे नेट कमी आहे, साध्या कॉलवर बोललं तर चालेल का?" पुष्कळदा चालतं. नाही म्हणाले तर आदल्या दिवशी ॲप टाकून ठेवा, त्याच वेळेला जोडून बघा, आणि मुलाखतीआधी फोन एकदा बंद करून पुन्हा सुरू करा, बाकी सगळं बंद ठेवा. 2 जीबी रॅमवर मागे व्हॉट्सॲप चालू राहिलं तरी आवाज तुटायला लागतो.

ॲप टाकणं, अपडेट, मोठी फाइल ही कामं वायफायवर करा. तालुक्याला रेल्वे स्टेशन असेल आणि तिथे रेलवायरचं वायफाय असेल तर दिवसाला पहिली 30 मिनिटं फुकट मिळतात. त्यावर बँकेचं काही करू नका, पण अपडेटला ते उत्तम.

फसवणुकीबद्दल फार लिहीत नाही, दोनच खुणा सांगतो. नोकरी लावण्याआधी रजिस्ट्रेशन, गणवेश, मेडिकल, गेटपास या नावाने फोनवर पैसे मागितले की तो धंदा बनावट. आणि व्हॉट्सॲपवर `.apk` ने संपणारी फाइल आली, "हे ॲप टाका, त्यात ऑफर लेटर आहे", तर दाबू नका. ऑफर लेटर पीडीएफ असतं, ॲप नसतं. पैसे गेलेच तर तासाभरात 1930 ला फोन करा. उशीर झाला की पैसे खात्यातून पुढे सरकतात.

आणि समजा उद्या फोन आला, "परवा चाकणला या". बीड-लातूर-परभणीकडून जायला-यायला आणि एक रात्र राहायला जो खर्च होतो त्यात तुमचे दोन-तीन रिचार्ज होतात. म्हणून निघण्याआधी त्याच फोनवर, वही घेऊन, हे विचारा: कंपनीचं नाव काय, कुठल्या फेजमध्ये, कुठलं गेट, मी कुणाचं नाव सांगायचं? रोलवर कंपनीच्या की कॉन्ट्रॅक्टरच्या? पीएफ-ईएसआय कापून हातात किती? राहायची सोय आहे की रूम बघायची? कागद ओरिजिनल लागतील की झेरॉक्स? भरती करणारा खरा असेल तर हे सगळं त्याला तोंडपाठ असतं, मीही दिवसातून तीसदा सांगायचो. "इथे आल्यावर सांगतो" म्हणाला, तर त्याला म्हणा, "सर, एवढं व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा, मी गाडी पकडतो." लिहून आलं तर निघा. नाही आलं तर तिकीट काढू नका, दुसऱ्या दिवशी साडेनऊला पुढच्या नंबरला मेसेज टाका.